उत्तरसूचीत एक वाक्य, पेपरात सात: व्हॉइस आणि इनडायरेक्ट स्पीच तपासताना

प्रश्न: मी इंग्रजी शिकवते. अॅक्टिव्ह-पॅसिव्ह आणि डायरेक्ट-इनडायरेक्टचे प्रश्न तपासताना फार अडखळायला होतं. उत्तरसूचीत एकच वाक्य दिलेलं असतं, पण मुलं तेच तीन-चार प्रकारे लिहितात आणि बरीचशी बरोबरच वाटतात. उलट काही वाक्यं व्याकरणात बिनचूक असतात, पण अर्थच बदललेला असतो. कुठे गुण द्यायचे, कुठे कापायचे आणि किती?

उत्तर:

तुम्ही एका वाक्याकडे बघून एकच निर्णय घ्यायला जाताय, आणि अडचण तिथेच आहे. हे वाक्य इंग्रजी म्हणून नीट उभं राहतं का, हा एक प्रश्न. आणि ज्याने मूळ वाक्य पाहिलेलंच नाही त्याला यातून तीच घटना कळते का, हा दुसरा. या दोन्हींना मी वेगळे गुण ठेवते. वाक्य चार गुणांचं असेल तर रचनेला दोन, अर्थाला दोन. दोन गुणांचं असेल तर एक-एक. इतकं केलं तरी निम्मी घालमेल संपते, कारण ‘व्याकरण बरोबर पण अर्थ चुकला’ आणि ‘अर्थ कळला पण व्याकरण घसरलं’ या दोन उत्तरांना वेगवेगळी जागा मिळते.

अर्थ बदललाय की नाही हे ठरवायला मी एकच चाचणी वापरते. मूळ प्रश्न हाताने झाकायचा आणि मुलाच्या उत्तरावरून मूळ वाक्य परत तयार करायचं. तीच माणसं, त्याच वस्तू, तोच काळ आणि बोलण्यामागचा तोच हेतू परत मिळाला, तर शब्द उत्तरसूचीपेक्षा कितीही वेगळे असू देत, अर्थाचे गुण पूर्ण. वेगळं वाक्य तयार झालं तर कुठे वेगळं झालं ते लगेच दिसतं, आणि किती कापायचं तेही तिथेच ठरतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत तपासून दाखवते. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिते, म्हणजे वाचताना लय तुटणार नाही. प्रश्न असा:

रीमा सेड टू हर ब्रदर, “आय कान्ट फाइंड माय कीज. डिड यू टेक देम यस्टरडे?”

उत्तरसूचीतलं वाक्य:

रीमा टोल्ड हर ब्रदर दॅट शी कुडन्ट फाइंड हर कीज अँड आस्क्ड हिम इफ ही हॅड टेकन देम द डे बिफोर.

आता गठ्ठा उघडू. एकाने ‘इफ’च्या जागी ‘वेदर’ लिहिलंय आणि ‘द डे बिफोर’च्या जागी ‘द प्रीव्हियस डे’. चारपैकी चार, यात विचार करायला काहीच नाही. तरी ‘वेदर’ला लाल रेघ मारलेले पेपर मी पाहिले आहेत, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ती मारली होती. सूचीत ‘इफ’ होतं, एवढंच माझं कारण. त्या मुलाने शांतपणे विचारलं, “मग ‘वेदर’ने काय बदललं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ‘काय बदललं’ याचं उत्तर देता येत नसेल तर मी गुण कापत नाही.

दुसऱ्या मुलीने ‘दॅट’ गाळलाय आणि शेवटी ‘इफ ही टुक देम द डे बिफोर’ लिहिलंय, म्हणजे ‘हॅड टेकन’ नाही. इथे बहुतेक जण अर्धा गुण कापतात, कारण आपण वर्गात ‘सिंपल पास्टचा पास्ट परफेक्ट करायचा’ असा नियम शिकवलेला असतो. पण ‘टोल्ड’नंतर ‘दॅट’ गाळणं हे रोजचं इंग्रजी आहे. आणि पास्ट परफेक्टचं काम आधी काय झालं, नंतर काय झालं हे स्पष्ट करणं एवढंच असतं. इथे ‘द डे बिफोर’ने तो क्रम आधीच सांगून टाकलाय. उलटी चाचणी लावा, ‘डिड यू टेक देम यस्टरडे’ हेच परत मिळतं. पूर्ण गुण. ‘आय वॉज बॉर्न इन 1990’ हे वाक्य तर इंग्रजी बोलणारा माणूस ‘ही सेड ही वॉज बॉर्न इन 1990’ असंच सांगतो. तिथे ‘हॅड बीन बॉर्न’चा आग्रह धरला तर आपण मुलाला चांगल्या वाक्यावरून अवघडलेल्या वाक्याकडे ढकलतो.

पास्ट परफेक्ट नसल्यामुळे खरंच अर्थ बदलतो अशीही वाक्यं असतात, आणि तिथे मात्र कापायचं. ‘आय लिव्ह्ड अलोन’ याचं इनडायरेक्ट ‘शी सेड शी लिव्ह्ड अलोन’ केलं, तर वाचणारा मूळ वाक्य ‘आय लिव्ह अलोन’ समजेल. पूर्वी एकटी राहायची आणि आता एकटी राहते, यात आयुष्याचा फरक आहे. म्हणून एकच रूप एका वाक्यात चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही. उलटी चाचणी लावली की हे आपोआप कळतं, नियमांची यादी पाठ करावी लागत नाही.

तिसऱ्याने सगळं नीट लिहून शेवटी ‘यस्टरडे’ तसंच ठेवलंय. इथे चूक मुलापेक्षा प्रश्नाची जास्त आहे. रीमा जे बोलली ते त्याच संध्याकाळी कोणी सांगत असेल तर ‘यस्टरडे’ अगदी बरोबर. आठवड्याने सांगत असेल तर दिवस चुकला. कोण कधी सांगतंय हे प्रश्नात दिलेलंच नव्हतं, मग मुलाने ते कशावरून ओळखायचं? घरच्या चाचणीत मी याचे गुण कापत नाही, समासात ‘कधी सांगतोयस?’ एवढं लिहिते. आणि पुढच्या पेपरात प्रश्नावरच एक ओळ घालते: ‘हे संभाषण तुम्ही एका आठवड्यानंतर मित्राला सांगत आहात.’ ती ओळ असली की ‘यस्टरडे’ सरळ अर्थाची चूक ठरते आणि कापताना मन खात नाही.

चौथं उत्तर तुमच्याकडेही ढिगाने येत असणार:

रीमा टोल्ड हर ब्रदर दॅट आय कान्ट फाइंड माय कीज अँड आस्क्ड डिड यू टेक देम यस्टरडे.

यावर ‘प्रोनाउन बदलले नाहीत’ असा शेरा मारून आपण पुढे जातो. पण हे उत्तर कुठून आलं ते बघा. मराठीत आपण काय म्हणतो? ‘रीमा भावाला म्हणाली की मला माझ्या किल्ल्या सापडत नाहीयेत, काल तू घेतल्यास का?’ हे शुद्ध मराठी आहे. मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहू शकतात, ‘मी’ हा रीमाच राहतो, काळही हलत नाही. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘आय’ म्हणजे सांगणारा माणूस होतो. म्हणजे या मुलाने नियम मोडलेला नाही, मराठीचा नियम इंग्रजीत पाळलाय. परिणाम मात्र गंभीर आहे. रीमाच्या किल्ल्या आता वाक्य सांगणाऱ्याच्या झाल्या.

गंमत अशी की पहिल्या भागात काळ बदलून त्याने ‘रीमा टोल्ड हर ब्रदर दॅट आय कुडन्ट फाइंड माय कीज’ असं लिहिलं असतं, तर व्याकरणात त्या वाक्याला बोट लावायला जागा नव्हती. माझ्या किल्ल्या हरवल्यात हे रीमाने भावाला सांगितलं, असा त्याचा स्वच्छ अर्थ आहे. नुसत्या व्याकरणाच्या चष्म्यातून तपासणारा अशा वाक्याला चांगले गुण देऊन जातो. माझ्याकडे मूळच्या चौथ्या उत्तराला रचनेत दोनपैकी अर्धा (रिपोर्टिंग व्हर्ब बरोबर आहेत, पण काळ बदललेला नाही आणि प्रश्नाची रचना तशीच राहिलीय) आणि अर्थात शून्य. शेऱ्यात ‘प्रोनाउन’ हा शब्द लिहित नाही, प्रश्न लिहिते: ‘किल्ल्या कोणाच्या?’ पेपर परत दिले की मराठी आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवते. फर्स्ट पर्सन-सेकंड पर्सनचा तक्ता दहा वेळा पाठ करून जे जमत नाही ते या दोन ओळींनी बऱ्याच मुलांना जमतं, कारण आपण नक्की कुठे फसलो ते त्यांना दिसतं.

पाचव्याने प्रोनाउन बदलले, पण उलटे: ‘दॅट ही कुडन्ट फाइंड हिज कीज अँड आस्क्ड इफ शी हॅड टेकन देम द डे बिफोर.’ किल्ल्या भावाच्या झाल्या आणि संशय रीमावर आला. इथे एक काळजी घ्या. पहिल्या भागात ‘ही’ चुकला, आणि त्याच चुकीला धरून दुसऱ्या भागात ‘शी’ आला. मुलाने स्वतःच्या चुकीशी इमान राखलंय. गणितात पहिल्या पायरीची चूक पुढे सरकली तर आपण प्रत्येक पायरीला कापत नाही, तसंच इथेही. एक चूक, एकदाच कापायची. रचनेचे दोन पूर्ण, अर्थाच्या दोनपैकी अर्धा, कारण किल्ल्या हरवल्यात, कालचा दिवस, घेतल्यास का असा प्रश्न, हे सगळं शाबूत आहे. अडीच गुण.

सहावं आणि सातवं उत्तर एकत्र घेते, कारण त्यांची तुलना फार काही शिकवते. सहावं: ‘...अँड आस्क्ड हिम दॅट ही हॅड टेकन देम द डे बिफोर.’ सातवं: ‘...अँड टोल्ड हिम दॅट ही हॅड टेकन देम द डे बिफोर.’ दोन्हीत एकाच शब्दाचा फरक. सहाव्याची रचना चुकली, ‘आस्क्ड’नंतर असा ‘दॅट’ बसत नाही. पण तिने काहीतरी विचारलं हे कळतं. सातव्याची रचना निर्दोष आहे, पण रीमाने आता विचारलेलं नाही, तूच घेतल्यास असं ठणकावून सांगितलंय. प्रश्नाचा आरोप झाला. नुसतं व्याकरण बघणारा सातव्याला जास्त गुण देईल. माझ्या हिशोबात सहाव्याला तीन (रचनेचा एक गेला) आणि सातव्यालाही तीन (अर्थाचा एक गेला, कारण पहिलं वाक्य बरोबर आहे). आकडे सारखे, शेरे अगदी वेगळे. सहाव्याला ‘इफ’ची आठवण करून द्यायची. सातव्याला विचारायचं, ‘रीमाला खात्री होती का?’

हुशार मुलं याच वाटेने आणखी पुढे जातात. ‘रीमा अक्यूज्ड हर ब्रदर ऑफ टेकिंग हर कीज’ असं एका मुलीने लिहिलं होतं. वाक्य इतकं सफाईदार, की पेन ‘बरोबर’च्या खुणेकडे वळतं. पण ‘कीज सापडत नाहीयेत’ हा भाग गळला, ‘काल’ गळला आणि प्रश्नाचा आरोप झाला, तीन गोष्टी गेल्या. तिच्या भाषेचं कौतुक मी शेऱ्यात मनापासून केलं, अर्थाचे गुण मात्र दिले नाहीत. ‘रीमा वॉन्टेड टू नो इफ...’ असं कोणी लिहिलं तर तिथे अर्थ कुठेच हलत नाही, पूर्ण गुण द्या. वेगळं रिपोर्टिंग व्हर्ब दिसलं की एवढंच बघायचं, की मूळ वाक्यात नसलेली भावना किंवा खात्री त्याने आत आणली का. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ याला ‘ही ऑफर्ड टू ओपन द विंडो’ चालतं आणि ‘ही आस्क्ड इफ ही शुड ओपन द विंडो’ही चालतं. ‘आस्क्ड इफ ही वुड ओपन’ मात्र नाही, कारण मी उघडू का, या विचारण्याचं मी उघडेन का, असं भाकीत होऊन बसतं.

अर्थ बदलण्याच्या चुकांत सगळ्यात कमी नजरेत भरणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ‘नॉट’ची असते. ‘मदर सेड टू हिम, “डोन्ट गो.”’ याचं ‘मदर टोल्ड हिम नॉट टू गो’ होतं. मुलं लिहितात, ‘मदर डिडन्ट टेल हिम टू गो.’ वाक्य सरळ, स्पेलिंग बरोबर. पण ‘जाऊ नकोस असं सांगितलं’ आणि ‘जा असं सांगितलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात आई काही बोललीच नसेल. अर्थाला शून्य. अशा वाक्यात नकार हाच सगळा आशय असतो, बाकी काही उरत नाही.

‘मस्ट’चंही तसंच. ‘आय मस्ट गो’ला ‘ही सेड ही मस्ट गो’, ‘ही हॅड टू गो’ आणि जाणं पुढे व्हायचं असेल तर ‘ही वुड हॅव टू गो’, तिन्ही चालतात. सूचीत यांतलं एकच असेल तर बाकीची दोन पेनाने लिहून टाका. पण प्रश्न ‘यू मस्ट नॉट टेल एनीवन’ असा असेल, आणि मुलाने ‘मस्टचं हॅड टू होतं’ हा नियम पाळून ‘ही सेड आय डिडन्ट हॅव टू टेल एनीवन’ असं लिहिलं, तर अर्थ पार उलटा झाला. ‘कोणाला सांगायचं नाही’चं ‘कोणाला सांगायची गरज नाही’ झालं. इथे नियम आपणच दिलेला असतो, म्हणून मी अशा पेपरावर नुसतं कापून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल करते की तो नियम होकारी वाक्यापुरता होता आणि मी ते नीट सांगितलं नव्हतं. ‘ही सेड आय मस्ट नॉट टेल एनीवन’ किंवा ‘ही टोल्ड मी नॉट टू टेल एनीवन’, ही बरोबर उत्तरं.

आता व्हॉइसकडे येते. इथे वेगवेगळी बरोबर रूपं कमी असतात आणि ती ओळखीची असतात, म्हणून फार वेळ घेत नाही. ‘शी गेव्ह मी अ बुक’ला दोन कर्म आहेत, त्यामुळे ‘आय वॉज गिव्हन अ बुक बाय हर’ आणि ‘अ बुक वॉज गिव्हन टू मी बाय हर’ ही दोन्ही पूर्ण गुणांची. ‘पीपल से दॅट ही इज रिच’ला ‘इट इज सेड दॅट ही इज रिच’ आणि ‘ही इज सेड टू बी रिच’ दोन्ही. मूळ वाक्यात ‘ही वॉज रिच’ असेल तर मात्र ‘ही इज सेड टू हॅव बीन रिच’ हवं. ‘टू बी’ लिहिलं तर जुना श्रीमंत आज श्रीमंत झाला, अर्थ गेला.

‘बाय’ गाळण्याबद्दल मी ठाम आहे. कर्ता ‘समवन’, ‘पीपल’ किंवा कोण ते न कळणारा ‘दे’ असेल, तर ‘बाय...’ गाळणं हेच चांगलं इंग्रजी. कोणी ‘बाय समवन’ लिहिलं तर वाक्य जड होतं, पण चुकत नाही, गुण कापू नका. कर्ता ‘द डॉक्टर’ असेल आणि गाळला असेल तर माहिती हरवली, उलट्या चाचणीत डॉक्टर परत येत नाही. तिथे अर्थाचा अर्धा गुण जातो. काळाची चूक मात्र अर्ध्यावर सुटत नाही. ‘दे आर रिपेअरिंग द रोड’चं ‘द रोड इज रिपेअर्ड’ केलं तर चालू असलेलं काम झालेलं वाटतं. ‘बीइंग’ हा एकच शब्द गेला खरा, पण त्याच्याबरोबर घटनाही बदलली. अर्थाचे सगळे गुण कापा.

एका जागी मात्र हात आवरावा लागतो. काही वाक्यं अशी असतात, की मुलाने अगदी बरोबर पॅसिव्ह केलं तरी अर्थ हलतोच. ‘मीरा वोन्ट हेल्प रवी’ यात मीराने मदत करायला नकार दिल्याचा सूर आहे. ‘रवी वोन्ट बी हेल्प्ड बाय मीरा’ केलं की मीराची मदत रवीलाच नको आहे, असा अर्थ डोकावतो. ‘विल’मधली इच्छा नव्या कर्त्याला जाऊन चिकटते. दुसरं उदाहरण संख्येचं. ‘एव्हरीवन इन द रूम स्पीक्स टू लँग्वेजेस’ यात प्रत्येकाच्या दोन भाषा वेगवेगळ्या असू शकतात. ‘टू लँग्वेजेस आर स्पोकन बाय एव्हरीवन इन द रूम’ म्हटलं की सगळ्यांना येणाऱ्या त्याच दोन भाषा, असं वाटू लागतं. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये अशाच जोडीकडे लक्ष वेधलं होतं, म्हणजे हा आपल्या शंकेखोर स्वभावाचा भाग नाही. अशा वाक्यात मुलाला पूर्ण गुण द्यायचे, कारण अर्थ त्याने बदललेला नाही, प्रश्नाने त्याच्याकडून बदलून घेतलाय. आणि पुढच्या वेळी ते वाक्य पेपरातून काढून टाकायचं. पेपर काढतानाच प्रत्येक वाक्याचं उत्तर स्वतः लिहून उलटी चाचणी आपल्या उत्तराला लावली, तर अशी वाक्यं आधीच सापडतात. मी आता हे न चुकता करते.

आज्ञार्थी वाक्यांना मी मनावर घेऊन तपासते, कारण तिथे नम्रपणा हाच अर्थ असतो. ‘प्लीज ओपन द डोअर’ला ‘यू आर रिक्वेस्टेड टू ओपन द डोअर’ हे बरोबर. ‘यू आर ऑर्डर्ड...’ लिहिलं तर विनंतीचा हुकूम झाला, अर्थाचा अर्धा गुण कापा. ‘लेट द डोअर बी ओपन्ड’ हे जुन्या व्याकरण-पुस्तकांतलं रूप आहे. आज कोणी तसं बोलत नाही, पण मुलाला तेच शिकवलं असेल तर त्याचे गुण काढून घेण्यात न्याय नाही. मात्र प्रश्नात ‘प्लीज’ असेल आणि या रूपात तो कुठेच उरला नसेल, तर वर सांगितलेला अर्धा गुण तिथेही जातो.

प्रत्यक्ष तपासताना मी आधी दहा पेपर पेन न लावता वाचते. उत्तरसूचीबाहेरची जी बरोबर रूपं दिसतात ती सूचीच्या समासात लिहून घेते, आणि अर्थ बदलणारी जी उत्तरं पुन्हा-पुन्हा येतात तीही गुणांसकट लिहिते: ‘टोल्ड हिम दॅट = अर्थाचा एक वजा’ असं. मगच पहिल्या पेपरापासून सुरू करते. नाहीतर पाचव्या पेपरात कापलेला अर्धा गुण पंचेचाळिसाव्यात सहज देऊन टाकला जातो, आणि दोन मुलं पेपर शेजारी ठेवून विचारायला येतात तेव्हा आपल्याला उत्तर सापडत नाही. दोघी-तिघी मिळून तपासत असाल तर हा वाचनाचा भाग एकत्र बसून करा, अर्धा तास पुरतो. मोठ्या परीक्षेत सूची बंधनकारक असते, तिथे आपल्या मनाने गुण वाटता येत नाहीत. पण सूचीत नसलेलं बरोबर उत्तर दिसलं तर ते मॉडरेटरकडे लेखी द्या, मूळ वाक्य, मुलाचं वाक्य आणि उलट्या चाचणीत मिळालेलं वाक्य अशा तीन ओळींत. ‘हे पण चालतं ना?’ असं तोंडी विचारलं की बहुतेकदा ‘सूचीप्रमाणे तपासा’ एवढंच उत्तर मिळतं. तीन ओळी समोर असल्या की निदान चर्चा होते.

पेपर परत देताना अर्थाच्या चुकीपुढे मी फक्त प्रश्न लिहिते: ‘कोणाच्या?’, ‘कधी?’, ‘खात्री होती का?’, ‘संपलं की चालू आहे?’ रचनेच्या चुकीपुढे सरळ दुरुस्ती लिहून टाकते. मुलांना त्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायला लावते आणि मग वाक्य पुन्हा लिहून घेते. किल्ल्यांच्या वाक्यात ‘आय’ लिहिणारा मुलगा ‘किल्ल्या कोणाच्या?’ या प्रश्नाला लगेच ‘रीमाच्या’ म्हणाला. मग मी त्याचं वाक्य त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यात थांबून त्याने ‘आय’ खोडलं आणि ‘शी’ लिहिलं. ‘माय’ मात्र तसंच राहिलं होतं. ते पुढच्या वाचनात त्याच्या लक्षात आलं.